दोन बाटल्या : काळपट आणि पांढरी



आपल्या आखाडा बाळापूरच्या वाचनवर्गात एक बाई येतात. एके दिवशी त्यांनी पदराखालून दोन बाटल्या काढल्या व आमच्यासमोर ठेवल्या. एकीतला रस चहासारखा काळपट होता. दुसरीतला पाण्यासारखा पांढरा. दोन्ही व्हिनेगर, म्हणजे शिरका. त्यांचे बंधू मुंबईला हॉटेलात कामाला आहेत. भाचीला व्हिनेगरमधला कांदा आवडतो म्हणून त्यांनी आणल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला गहू बंद हाय. यात गहू तर दिसंना. मग देऊ का नको?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात खोच आहे. त्याचेच उत्तर आज आपण शोधू.

या मुलीला सीलिअॅक नावाचा आजार आहे. खूप दिवस जुलाब होत, पोट फुगे, रक्त कमी झाले, उंची वाढेना. नांदेडला रक्त तपासले, आतड्याचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा उलगडा झाला. आपल्या लहान आतड्यात आतून मखमलीसारखी लव असते. खाल्लेले अन्न तीच शोषून घेते. या आजारात गहू पोटात गेला की शरीर आपल्याच लवेवर उलटते व ती झडते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. (कोणाला असा संशय आला, तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नये. बंद केला तर तपासणीत आजार लपतो.)

हे कशाने होते? ग्लूटेनने. ग्लूटेन म्हणजे काय, ते घरीच पाहता येते. कणकेचा गोळा घ्या. पाण्यात चुरत चुरत धुवा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लूटेन. ज्वारीच्या पिठाचा असा गोळा उरत नाही. म्हणून तर भाकरी थापावी लागते, पोळीसारखी ताणून लाटता येत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ या मुलीला चालतात. गहू चालत नाही. आणि जव, ज्याला कोणी सातूही म्हणतात, तोही चालत नाही. जवाच्या ग्लूटेनचा घाट थोडा निराळा, पण आतड्याला त्रास तोच.

आता काळपट बाटलीकडे वळू. तिच्यावर 'माल्ट व्हिनेगर' असे लिहिले आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव. आपण मटकीला मोड आणतो तसेच. जव भिजवतात, मोड येऊ देतात, मग भट्टीत वाळवून भरडतात. भरड गरम पाण्यात घातली की पिठाची साखर होते व गोड पाणी निघते. त्यात किण्व घालतात. किण्व म्हणजे अगदी बारीक जीव. ते साखर खातात व तिची दारू करतात. मग हवा लागली की दुसरे बारीक जीव त्या दारूचे आंबट पाणी करतात. हेच माल्ट व्हिनेगर.

या साऱ्या वाटेवर जवाचा अंश कोठे वेगळा काढला? कोठेच नाही. गाळतात खरे, पण गाळण्याने चोथा अडतो. पाण्यात विरघळलेले अडत नाही. फडक्यातून दूध गाळले तर दूध खाली येतेच की! आंबट झाल्यानेही ग्लूटेन नाहीसे होत नाही. त्याचे काही तुकडे होतात, एवढेच.

मग पांढऱ्या बाटलीत काय निराळे? तिच्यावर 'डिस्टिल्ड' असा शब्द आहे. डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून, ती वाफ थंड करून घेतलेले. चुलीवर वरण उकळत असते. झाकण उचलले की आतून थेंब लोंबतात. त्या थेंबाला डाळ नसते, हळद नसते, मीठही नसते. पाण्याची तेवढी वाफ होते, बाकी सारे भांड्यात राहते. ग्लूटेनही असेच जड. त्याची वाफ होत नाही. धान्याची दारू उकळून तिची वाफ तेवढी धरली, तर ग्लूटेन खालीच राहते. त्या गाळीव दारूचे पुढे व्हिनेगर करतात. म्हणून मूळ धान्य गहू असो की जव, डिस्टिल्ड व्हिनेगरमध्ये ग्लूटेन येत नाही. आपल्याकडे अशी दारू उसाच्या मळीपासूनही काढतात. मळीत तर धान्यच नाही.

बाजारात स्वस्त मिळते त्यावर बहुधा 'सिंथेटिक' असे लिहिलेले असते. ते आंबवलेले नसते. कारखान्यातले आम्ल पाण्यात मिसळून ते करतात. चवीला ते साधेच, पण त्यात धान्याचा संबंध येत नाही.

बाई हुशार. त्यांनी लगेच विचारले, "म्हंजे काळं वाईट आन् पांढरं चांगलं?" तसे नाही. रंगावर जाऊ नका. साध्या व्हिनेगरला जळक्या साखरेचा रंग देऊन काळपट करता येते. गोव्याकडे माडाच्या सुरेचे व्हिनेगर करतात, त्यात गहूही नाही आणि जवही नाही. उलट 'डिस्टिल्ड माल्ट व्हिनेगर' असेही एक असते. त्यात माल्ट हा शब्द आहे, पण वाफ करून घेतल्यामुळे जवाचा अंश मागे राहिलेला असतो. वाफ झाल्यावर कोणी वरून माल्टचा अर्क घातला, तर मात्र सारे मुसळ केरात. म्हणून पहिला शब्द वाचून थांबू नये. आत काय काय घातले आहे, ती बारीक ओळ वाचावी. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे गहू वा जव घातला असेल तर वेष्टनावर ते सांगावे लागते. अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावीत. त्यात कमीपणा नाही.

माल्ट व्हिनेगरमध्ये ग्लूटेन असते तरी किती? फार थोडे. 'ग्लूटेनमुक्त' म्हणायला आपल्याकडे मर्यादा आहे ती किलोमागे 20 मिलिग्रॅम. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅम भरतो, म्हणजे वजनाने अर्धा दाणा धरा. व्हिनेगर आपण चमचाभर खातो. म्हणून इंग्लंडातली सीलिअॅक रुग्णांची संस्था सांगते की, एवढ्याने बिघडत नाही. अमेरिकेत मात्र ते टाळायला सांगतात. त्यांचे म्हणणे असे की, ग्लूटेन मोजण्याची नेहमीची परीक्षा त्याला दोन ठिकाणी पकडते. आंबताना त्याचे तुकडे झाले, तर तुकड्याला दुसरी पकड मिळत नाही. परीक्षा म्हणते, काही नाही; तुकडे मात्र असतात. वाफेच्या व्हिनेगरबद्दल असा वाद नाही. आम्हाला वाटते, ज्या घरी लव अजून भरून यायची आहे, त्या घरी वादातली बाटली कशाला?

बाईंनी मग आणखी एक गोष्ट विचारली, ती आमच्या ध्यानात आली नव्हती. कांद्यात त्या हिंग घालत. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो! डबी आणवली, ओळ वाचली. मैदा होता. म्हणजे काळपट बाटलीपेक्षा ती डबीच जास्त घातकी ठरली.

आता त्या घरी काळपट बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला आहे. ती मोठ्यांची. पांढरी मुलीची. तिचा चमचाही निराळा आहे, आणि कांद्यात हिंग नाही.