‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ आणि ‘नेमके’

(केंद्रातील शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय गणिताचा आहे, पण त्याची सुरुवात मी एका सहलीपासून करणार आहे. मी नवा शिक्षक असताना आमच्या शाळेची सहल एका धरणावर गेली होती. मुले ४३ होती. दर १० मुलांमागे कमीत कमी एक शिक्षक असावा, असा आम्हीच ठरवलेला नियम होता. व्यवस्था माझ्याकडे होती. मी ४३ ला १० ने भागले, उत्तर ४.३ आले, आणि वर्गात शिकवतो त्याप्रमाणे ‘जवळचा पूर्णांक’ म्हणून ४ शिक्षक घेतले. प्रत्येकाच्या हाती दहा-दहा नावांची यादी दिली. उरलेल्या तिघांविषयी मी म्हणालो, “ही मुले सर्वांबरोबर राहतील.”

सर्वांबरोबर म्हणजे कोणाबरोबरच नाही, हे मला दुपारी कळले. परतताना चारही शिक्षकांनी आपापली यादी वाचली, दहाच्या दहा मुले हजर होती, आणि आम्ही निघालो. गावाच्या वाटेवर एका मुलाने विचारले, “गुरुजी, माझा भाऊ कुठे आहे?” तो त्या तिघांपैकी होता. आम्ही मागे गेलो तेव्हा कालव्याच्या पहारेकऱ्याने त्याला आपल्या झोपडीत बसवून ठेवले होते. अनर्थ टळला, पण तो माझ्या दक्षतेमुळे टळला नव्हता.

त्या दिवशी माझा भागाकार चुकला नव्हता. चुकले होते ते नियमाच्या शब्दांचे गणितात केलेले रूपांतर. शब्दांतील अट चिन्हांत मांडताना कोठे पाय घसरतो, एवढेच आज आपण याच उदाहरणावरून पाहू.

पहिली घसरण आपल्या भाषेतच दडलेली आहे. ‘कमीत कमी’ या शब्दात ‘कमी’ दोनदा येते आणि ‘जास्तीत जास्त’ मध्ये ‘जास्त’ दोनदा येते. मूल शब्द ऐकते आणि चिन्ह लिहिते. ‘कमीत कमी ५ वह्या हव्यात’ असे सांगितले, की त्याची पेन्सिल ‘वह्या ≤ ५’ असे लिहिते. कारण ‘कमी’ म्हणजे लहानाचे चिन्ह, हे त्याला दुसरीपासून पाठ आहे. वास्तविक येथे ५ ही तळाची पायरी आहे. तिच्यावर उभे राहता येते, वर चढता येते, पण खाली उतरता येत नाही. म्हणून ‘वह्या ≥ ५’. ‘जास्तीत जास्त’ मध्ये दिलेली संख्या हे छत असते. म्हणून तेथे ≤ येते. ‘किमान’ आणि ‘कमाल’ या शब्दांचीही तीच गोष्ट आहे.

हे पाठ करून घेण्यापेक्षा एक कसोटी मुलांच्या हाती द्यावी. अट वाचल्यावर तीन संख्या घ्याव्यात: दिलेली संख्या, तिच्याहून एकाने लहान आणि एकाने मोठी. प्रत्येकीविषयी रोजच्या भाषेत विचारावे, “हे चालेल काय?” कमीत कमी ५ वह्या हव्या असतील, तर ४ चालतील काय? नाही. ५ चालतील काय? होय. ६ चालतील काय? होय. आता लिहिलेल्या चिन्हात याच तीन संख्या घालाव्यात. चिन्हाची उत्तरे आणि आपली उत्तरे जुळली, तर मांडणी बरोबर. ‘वह्या ≤ ५’ लिहिणाऱ्या मुलाला ४ घालताच स्वतःची चूक दिसते, शिक्षकाला सांगावी लागत नाही.

याच कसोटीने काठावरची चूकही पकडता येते. ‘१० पेक्षा कमी’ यात १० बसत नाहीत. ‘१० पेक्षा कमी नसावीत’ यात १० बसतात आणि चिन्हही उलटते. ‘१० पर्यंत’ यात १० बसतात. ‘१० च्या आत’ म्हटले, तर काही जण १० धरतात, काही धरत नाहीत. अशा वेळी चिन्ह लिहिण्यापूर्वी सांगणाऱ्याला विचारावे, हीच योग्य रीत. मुले मोजायची असतील, तर ‘१० पेक्षा कमी’ आणि ‘जास्तीत जास्त ९’ यांचा अर्थ एकच होतो. धान्य तोलायचे असेल, तर तो एक होत नाही. कारण साडेनऊ किलो पहिल्या अटीत बसते, दुसरीत बसत नाही.

आता आपल्या सहलीच्या नियमाकडे येऊ: दर १० मुलांमागे कमीत कमी एक शिक्षक. हे वाक्य मांडायला दिले, की हुशार मुलेही बहुधा असे लिहितात:

१० × मु ≤ १ × शि

वाक्यात ‘१०’ च्या शेजारी ‘मुले’ हा शब्द आहे, म्हणून १० च्या शेजारी ‘मु’ आले. मुलांच्या मनात ‘मु’ म्हणजे ‘मुले’ हे नाव असते. ‘मुलांची संख्या’ नसते. ही चूक आपल्याच मुलांची आहे असे मानू नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ एवढेच वाक्य समीकरणात मांडायला दिले. एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी चुकले, आणि बहुतेकांनी ६ हा अंक विद्यार्थ्यांच्या अक्षरालाच जोडला होता.

उपाय दोन आहेत. पहिला असा, की मांडणीच्या आधी ‘मु = मुलांची संख्या, शि = शिक्षकांची संख्या’ ही ओळ पूर्ण लिहायला लावावी. ‘मु = मुले’ असे लिहू देऊ नये. दुसरा असा, की एका शिक्षकापासून सुरुवात करावी. एक शिक्षक किती मुले सांभाळील? १०. दोन शिक्षक? २०. ‘शि’ शिक्षक? १० × शि. आपली मुले एवढ्यांत सामावली पाहिजेत, म्हणून:

मु ≤ १० × शि

पाहा, वाक्यात ‘कमीत कमी’ आहे आणि मांडणीत ≤ आले. ‘कमीत कमी’ हे शिक्षकांविषयी होते. तेच मुलांच्या बाजूने पाहिले, की ‘जास्तीत जास्त’ होते. म्हणून चिन्ह लिहिण्याआधी ‘कोणाचे कमीत कमी?’ हा प्रश्न विचारावा.

आता ४३ घालू. शि = ४ घेतले तर ४३ ≤ ४०, हे असत्य. शि = ५ घेतले तर ४३ ≤ ५०, हे सत्य. ४.३ चा जवळचा पूर्णांक घेण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. अट स्वतःच सांगते, की ४ शिक्षक पुरत नाहीत. मी अट लिहिली नाही, नुसता भागाकार केला, म्हणून फसलो. हीच गोष्ट आपल्या कामकाजातही लागू पडते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दर ३५ बालकांमागे किमान एक शिक्षक असे म्हटले आहे. पट १०६ असेल, तर भागाकार ३.०३ येतो. तो ३ धरला, तर १०६ ≤ १०५ हे खोटे ठरते. एका मुलासाठी चौथा शिक्षक मागावा लागतो, आणि तो मागणे नियमाला धरूनच असते.

आता राहिला तिसरा शब्द, ‘नेमके’. माझ्या सहलीच्या कागदावर एक अट लिहिलीच गेली नव्हती. कारण ती इतकी उघड होती, की कोणी उच्चारलीही नव्हती. प्रत्येक मूल नेमक्या एका यादीत असावे. मी फक्त एवढेच पाहिले होते, की प्रत्येक यादीत जास्तीत जास्त १० नावे आहेत. चार याद्यांत दहा-दहा नावे लिहिली, की ही अट पूर्ण होते आणि तरीही तीन मुले बाहेर राहतात. अशी मांडणी बरोबर असते, पण अपुरी असते. ती ओळखण्याची खूण ही: सर्व अटी पाळूनही मन ज्याला ‘हे चालणार नाही’ म्हणेल, असे एखादे उत्तर शोधावे. ते सापडले, तर कोठली तरी अट कागदावर यायची राहिली आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी नवशिका बहुधा असे लिहितो: ‘सर्व याद्यांतील नावांची बेरीज = ४३’. हे पूर्वीपेक्षा बरे. चार याद्यांची बेरीज ४० पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून पाचवी यादी आणि पाचवा शिक्षक हवा हे लगेच दिसते. परंतु एवढ्यानेही काम भागत नाही. समजा, एका मुलाचे नाव चुकून दोन याद्यांत आले आणि दुसऱ्याचे एकाही यादीत आले नाही. बेरीज तरीही ४३ भरते. म्हणून ‘नेमके एक’ ही अट बेरजेवर न घालता प्रत्येक मुलावर घातली पाहिजे:

ज्या याद्यांत त्या मुलाचे नाव आहे, त्यांची संख्या = १

अशा अटी एक नव्हे, ४३ होतात. प्रत्येक मुलाची एक. ‘नेमके एक’ यात दोन अटी एकत्र बांधलेल्या असतात. ‘कमीत कमी एक’ म्हणजे कोणी सुटू नये. ‘जास्तीत जास्त एक’ म्हणजे कोणी दोनदा मोजले जाऊ नये. मुले यांतील एकच लिहितात आणि दुसरी विसरतात. त्यांना दोन्ही वेगवेगळ्या लिहू द्याव्यात, मग त्या एका ‘=’ चिन्हात मिळवाव्यात. म्हणजे बरोबरीचे चिन्ह कोठून आले हे त्यांना उमजते.

वर्गात हे करायला खडूशिवाय काही लागत नाही. २३ मुलांना अंगणात उभे करा. जमिनीवर पाच वर्तुळे काढा आणि सांगा, “एका वर्तुळात जास्तीत जास्त ५ जण.” मग विचारा, कोणी बाहेर राहिले काय? कोणाचा एक पाय दोन वर्तुळांत आहे काय? एक वर्तुळ पुसून पुन्हा खेळवा. तीन मुले बाहेर राहतील. मग फळ्यावर चिन्हे लिहा आणि २३ ≤ ५ × ४ हे खरे की खोटे, ते बाहेर उभ्या राहिलेल्या तिघांनाच विचारा.

त्या सहलीनंतर मी नेलेल्या प्रत्येक सहलीत निघण्यापूर्वी याद्या वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारीत आलो आहे: “ज्याचे नाव वाचले गेले नाही, त्याने हात वर करा, ज्याचे दोनदा वाचले गेले, त्यानेही.” तो प्रश्न म्हणजे वर लिहिलेली शेवटची अटच होय. आपणही पुढच्या सहलीला तो विचारावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.