सजलेल्या बैलाची संमती



टहरौलीच्या या परिसरात आपल्याकडचा पोळा नाही. येथे दिवाळीनंतर गोवर्धनपूजेला गुरे धुऊन, रंगवून, मोरपिसांनी सजवतात. माझे बालपण मात्र विदर्भातल्या श्रावणी अमावास्येच्या पोळ्यात गेले. सण दोन असले, तरी दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो : ही सजावट बैलाला सोसते का?

हा प्रश्न मला वयाच्या दहाव्या वर्षी पडला. शेजाऱ्यांच्या बैलांची शिंगे चकचकीत दिसली म्हणून मी हट्ट धरला आणि आमच्या पवळ्याच्या शिंगांना दारे-खिडक्या रंगवायचा तेलरंग लावून घेतला. सण सरल्यावर तो निघेना, तेव्हा रॉकेलच्या बोळ्याने शिंगे घासली. रॉकेल मुळाशी ओघळले आणि तिथली कातडी सोलवटली. जखम काही दिवसांत भरली. पण पुढे कित्येक महिने कुणी डोक्याकडे हात नेला, की पवळ्या मान झटकून मागे सरे.

शिंग वरून निर्जीव दिसते; आत मात्र हाडाचा जिवंत गाभा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या असतात. मुळाशी तर ते नाजूक कातडीला जोडलेले असते. म्हणून काचेने वा सुरीने शिंगे तासून गुळगुळीत करणे, ही सजावटीतली पहिली चूक होय. दुसरी चूक तेलरंगाची. बैल स्वतःला चाटतो, जोडीदारालाही चाटतो. काही तेलरंगांत शिसे असते आणि ते पोटात गेले तर विषबाधा होते.

त्याऐवजी गेरूचे ढेकूळ रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी वाटून फडक्याने गाळावे. एक वाटी दाट गेरूत बाभळीच्या डिंकाचे चमचाभर पाणी घातले, की रंग अंगाला धरतो. साध्या पाण्याने तो उतरतोही. पाठीवर आणि कुशीवर याचेच ठसे उमटवावेत. पिवळ्यासाठी हळद, पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी घ्यावी. हळदीत चुना कालवला तर सुंदर लाल रंग येतो, हे खरे. पण चुना कातडी भाजतो, म्हणून तो मोह टाळावा. शिंगांना तिळाच्या तेलात कालवलेला गेरू पुरतो. डोळे, नाकपुड्या, तोंड आणि जखमा यांच्याजवळ कोणताही रंग नको.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी होते. कोमट पाण्याने खांदा शेकून त्याला हळद-तूप चोळतात. यात पूजा आहे, तशीच तपासणीही आहे. जुवाखाली दबलेली कातडी हाताला सुजलेली वा ओली लागली, तर त्या बैलाची दुसऱ्या दिवशीची झूल तेव्हाच रद्द करावी आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

झूल सुती आणि हलकी असावी. वशिंडाच्या मागून सुरू होऊन ती शेपटीच्या अलीकडे थांबावी, कारण पोळा माश्यांच्या दिवसांत येतो आणि शेपटी हीच बैलाची माशी हाकण्याची सोय असते. आरसे व जर असलेल्या झुलीला आतून मऊ अस्तर हवे. घुंगरमाळेखालून आपला पंजा सहज सरकला पाहिजे. घुंगरांची सवय नसलेल्या बैलाला आदल्या दिवशी घटकाभर माळ बांधून पाहावी. ऐन मिरवणुकीत प्रथमच बांधली, तर आपल्याच मानेवरच्या आवाजाने तो बुजतो.

सजवून झाल्यावर त्याला सावलीत उभा करून थोडा वेळ पाहावे. तो रवंथ करू लागला, कान हलवू लागला, शेपटी झुलवू लागला, तर सजावट त्याला मानवली, असे समजावे. डोके झटकतो, खांबाला अंग घासतो, तोंड उघडून लाळ गाळतो, असे दिसले तर काहीतरी काढायचे राहिले आहे. कुशीची हालचाल मोजावी. विसाव्यात असलेल्या बैलाचे श्वास मिनिटाला साधारण तीसच्या आत असतात. साठच्या पुढे गेले, तर झूल उतरवून त्याला पाणी द्यावे आणि वाऱ्याला उभे करावे. मिरवणूक त्याच्यावाचून निघेल.

पवळ्याच्या पुढच्या पोळ्याला वडिलांनी गेरूची वाटी माझ्याच हाती दिली. मी त्याच्या पाठीवर दोन ठसे उमटवले आणि शिंगांकडे हात नेला. त्याने मान मागे घेतली. मी हात खाली घेतला. त्या वर्षी आमच्या दारातून एक बैल कोऱ्या शिंगांनी निघाला, आणि तो वाटभर रवंथ करीत चालला होता.