दबलेली खोकी आणि भरपाईचा दावा



सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांकडे परगावच्या गिरण्यांतून जे सूत येते, त्यातील बरेचसे कागदी कोनांवर गुंडाळलेले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत बंद केलेले असते. खोके वाटेत दबले तरी आतील सूत वरकरणी शाबूत दिसते; परंतु कोनाचे टोक चेपले असेल, तर ताणा करतेवेळी धागा तेथे अडकून तुटतो, आणि एका धाग्यासाठी सबंध ताण्याचे काम थांबवावे लागते. हे नुकसान मालकाच्या ध्यानी येते तेव्हा खोकी रद्दीत गेलेली असतात, आणि तक्रारीला आधार उरत नाही.

म्हणून तक्रारीचा आरंभ पत्राने होत नसून गाडीच्या फाळक्यापाशी होतो. पोचेच्या प्रतीवर मुकाट्याने सही करून देणे म्हणजे माल सुस्थितीत मिळाल्याची कबुली देण्यासारखेच आहे, त्याऐवजी ‘नऊ खोकी दबलेली, माल तपासणीच्या अधीन राहून ताब्यात घेतला’ असा शेरा लिहून त्याखाली चालकाची सही घ्यावी. पहिले छायाचित्र हमालांनी खोक्याला हात लावण्यापूर्वीचे असावे, आणि त्यात गाडीचा क्रमांक व खोक्यांची थप्पी एकत्र दिसावी. कारण केवळ वखारीत काढलेली चित्रे पाहून पुरवठादार हमखास म्हणतो की, खोकी तुमच्याच हमालांनी आपटली. त्यानंतर प्रत्येक दबलेल्या खोक्याच्या चारही बाजू, त्यावरील सुताचा नंबर व लॉटचा क्रमांक, आणि शेवटी उघडलेल्या खोक्यातील चेपलेले कोन, या क्रमाने चित्रे घ्यावीत. मूळ चित्रे ज्या फोनमध्ये काढली त्यातच जतन करावीत, म्हणजे तारीख व वेळ यांविषयी वाद उरत नाही.

चित्रांचे खरे प्रयोजन मात्र नुकसान दाखवण्याइतकेच नसून त्याचे कारण दाखवण्याचे आहे. तळच्या रांगेतील खोकी सर्व बाजूंनी सारखीच फुगून बसली असतील, तर पुठ्ठा कमजोर होता किंवा थप्पी बेताबाहेर उंच होती. एकच कोपरा आत गेला असेल, तर खोके पडले. आणि पुठ्ठा मऊ पडून त्यावर डाग उमटले असतील, तर ताडपत्रीतून पाणी शिरले, असे अनुमान निघते. हा भेद महत्त्वाचा अशासाठी की, 1930 च्या मालविक्री कायद्यान्वये वाहतूकदाराच्या हवाली केलेला माल सामान्यतः खरेदीदाराला पोचला असे मानले जाते, आणि पुष्कळ बिलांवर तशी अटही छापलेली असते. तेव्हा दोष बांधणीचा असेल तर पुरवठादाराला, आणि वाटेतला असेल तर वाहतूकदारालाही लेखी कळवणे इष्ट. वाहतूकदाराविरुद्ध दावा लावायचा तर 2007 च्या कायद्याप्रमाणे माल नोंदवल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस पोचवावी लागते. पुरवठादाराच्या बाबतीत एवढी सवड धरू नये. वाजवी मुदत उलटेपर्यंत माल नाकारल्याचे न कळवता तो ठेवून घेतला, तर कायदा तो स्वीकारलाच असे समजतो.

आता मागणी किती करावी? समजा, 40 खोकी आली, त्यांतील नऊ दबली, आणि प्रत्येकात 24 कोन होते. अशा वेळी 216 कोनांचा सरसकट दावा ठोकण्याचा मोह होतो. पण ते एकेक तपासल्यावर 86 च चेपलेले निघाले, तर दर कोनाच्या 1.89 किलो वजनाने 163 किलोंहून किंचित कमी सूत एवढाच दावा रास्त होय. उरलेले 130 कोन आपण वापरणार आणि त्यांचेही पैसे मागणार, ही गोष्ट पुरवठादाराच्या माणसाने वखारीत येऊन पाहिली, की खऱ्या 86 कोनांवरही त्याचा विश्वास बसत नाही. चेपलेले कोन निकाल लागेपर्यंत वेगळे ठेवावेत, आणि पाहणीसाठी माणूस पाठवण्याची मुदत पत्रात नमूद करावी.

बदली मालाविषयी एक कलम पत्रात अवश्य असावे, ते असे: ‘बदली सूत त्याच नंबराचे व त्याच लॉटचे द्यावे, तो लॉट शिल्लक नसल्यास बिलातून तेवढी रक्कम वजा करून द्यावी.’ वेगवेगळ्या लॉटमधील कापसाचे मिश्रण सारखे नसल्यास सूत रंगही सारखा घेत नाही. एकाच ताण्यात ते मिसळले, तर रंगवलेल्या टॉवेलावर उभे पट्टे उमटतात, आणि 86 कोनांची भरपाई मिळवताना सबंध ताण्याचा माल दुय्यम ठरतो. लॉटचा आग्रह न धरता घेतलेला बदली माल त्यामुळे मूळ नुकसानीपेक्षाही महाग पडू शकतो, आणि त्या दुसऱ्या नुकसानीची तक्रार करण्यास खरेदीदाराच्या हाती दबलेले खोकेही नसते.