नाशिकचा फोन आणि जिबूतीचा फोन

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळी, माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, म्हणून सेक्रेटरींनी हा विषय माझ्या गळ्यात मारला. निमित्त बी विंगमधल्या आपल्या एका वहिनींचं. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो.

त्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. एके दिवशी वहिनींच्या मोबाईलवर तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो कापला. नंबर +253 ने सुरू होणारा. 'नाशिकचे प्लॉटवाले असतील, दुसरं कोण!' असं त्यांना वाटलं. नाशिकचा एसटीडी कोड 0253, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. दोन दिवसांनी कळलं, की मुलगाच जिबूतीच्या बंदरातून दुसऱ्याचा फोन घेऊन लावत होता. त्याचा स्वतःचा बिघडला होता. ते दोन दिवस घरात कसे गेले असतील, ते विचारू नका.

आता चूक कुठे झाली बघा. नंबराच्या आधीचं अधिक चिन्ह म्हणजे 'पुढचे आकडे देशाचे आहेत' अशी खूण. नाशिकच्या लँडलाईनचा फोन अधिक चिन्हासकट आला, तर तो +91 253 असा दिसेल, कारण 91 हा भारताचा कोड. अधिक चिन्हाला लागूनच 253 असेल, तर तो आफ्रिकेतला जिबूती देश. आपल्या डोंबिवलीचंही तेच. आपला कोड 0251 आणि इथिओपियाचा +251. सांगलीचा 0233, घानाचा +233. पुण्याचा 020, इजिप्तचा +20. यात नातं काही नाही, निव्वळ योगायोग. आपल्या खात्याने महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला 2 ने सुरू होणारे कोड दिले आणि जगाच्या वाटणीत 2 हा आकडा आफ्रिकेला गेला.

ही वाटणी 1960च्या दशकात झाली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे विभाग पाडले. 1 म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश. 2 आफ्रिका, 3 आणि 4 युरोप, 5 मेक्सिकोपासून खालची अमेरिका, 6 आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, 7 तेव्हाचा सोव्हिएत संघ, 8 चीन-जपानची बाजू, आणि 9 मध्ये आपण, आपले बरेचसे शेजारी आणि आखाती देश. अपवाद आहेतच. ग्रीनलँडचा कोड 299 आहे. बर्फातला देश आफ्रिकेच्या रांगेत!

कोड कुठे संपतो हे कसं ओळखायचं? नियम असा, की एका देशाच्या कोडने दुसऱ्याचा कोड सुरू होत नाही. 91 आपला झाला, म्हणजे 910 किंवा 915 असा देश असूच शकत नाही. म्हणून 2 नंतर 0 आला की इजिप्त, 7 आला की दक्षिण आफ्रिका, तिथेच थांबायचं. बाकी 2 च्या विभागात तिसरा आकडा बघावाच लागतो. 9 मध्ये उलट. 90 ते 95 आणि 98 हे दोन आकडी, पण 96, 97, 99 दिसलं की तिसरा आकडा वाचायचा: 971 अमिराती, 977 नेपाळ. पूर्व जर्मनीचा 37 दोन्ही जर्मनी एक झाल्यावर रिकामा झाला, आणि त्यातून 370 लिथुआनिया, 371 लाटव्हिया असे तीन आकडी कोड काढले. आमच्या खात्यात एकही चांगला नंबर वाया घालवत नाहीत, बरं का.

+1 दिसला की मात्र एकदम अमेरिका समजू नका. पुढचे तीन आकडेही वाचा. 876 असेल तर जमैका. +7 मध्ये रशियाबरोबर कझाकस्तानही आहे.

आणखी एक सांगतो. कोड सांगतो नंबर कुठल्या देशाने दिला ते, माणूस कुठे बसलाय ते नाही. माझ्या भाच्याने अमेरिका सोडून चार वर्षं झाली, पण व्हॉट्सॲपवर अजून +1 च आहे. शिवाय लबाड लोक स्क्रीनवर खोटा नंबरही उमटवतात. त्यामुळे अनोळखी देशातून एकच रिंग वाजून कट झाली, तर उलट फोन लावू नका. काही ठिकाणी त्या उलट फोनच्या बिलातच त्यांची कमाई असते. पण घरातलं कुणी बोटीवर किंवा परदेशात असेल, तर त्याच्या वाटेवरच्या बंदरांचे आणि देशांचे कोड कागदावर लिहून ठेवा.

वहिनींच्या फ्रिजवर आता तसा कागद चिकटवलाय. पहिल्या ओळीत लिहिलंय: 253, जिबूती, नाशिक नव्हे.