व्हिडिओतली सावली कशी घालवायची?

उन्हात वाळणाऱ्या पापडांचा व्हिडिओ आम्ही वरून काढला. मोबाइल धरणारीची सावली पडली आणि तेवढे पापड मळकट दिसू लागले. गिऱ्हाईक असे पापड घेईल का?

मग आम्ही एडिटिंग ॲपमध्ये तीच क्लिप मूळ क्लिपवर तंतोतंत ठेवली. वरच्या क्लिपला सावलीच्या आकाराचा मास्क लावून त्याची कड मऊ केली. सावलीतलं पांढरं कापड शेजारच्या उन्हातल्या कापडाइतकं दिसेपर्यंत एक्स्पोजर वाढवलं. उन्हातली सावली निळसर असते, म्हणून रंग जरा पिवळसर केला.

कडेला पांढरी रेघ दिसली, तर मास्क लहान करावा. सावली हलली, तर मास्कही तिच्यासोबत सरकवावा. फार गडद सावली उजळली की चित्रात दाणे दिसतात. तेव्हा पुन्हा व्हिडिओ काढणंच बरं.