मित्राचा कडू शब्द आणि आपलें उत्तर

(छावणी येथें गुरुवारचा बाजार उठल्यावर भरलेल्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



दिवसभर बाजार करून तुम्ही थकलां आहां, म्हणून मी लांबण लावीत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं याच बाजारांत माझ्या एका मित्रानें मला चारचौघांत झोडपलें. तीच गोष्ट सांगतों.

मित्र जातीचा सुतार. लहानपणीं आम्ही एका ताटांत जेवलेले. त्याच्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे कागद त्यानें माझ्या हातीं दिले होते. ते माझ्या खणांत पडून राहिले आणि मुदत टळली. तो म्हणाला, "मास्तर, तुझीं भाषणें गरिबांसाठीं, आणि वेळ मात्र वाड्यावरच्या पोरांसाठीं! पैसे खातोस, म्हणून त्यांचेच अर्ज वेळेवर जातात."

माझ्या जिभेवर लगेच तीन उत्तरें आलीं. "पोर पंधरा दिवस शाळेंत नव्हतें. तूं तरी आठवण केलीस का? आणि हें असें बाजारांत बोलतात का?" तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यांपैकीं एकीनेंही अर्ज गेला नसता. म्हणून मी एवढेंच म्हणालों, "कागद माझ्याजवळ राहिले हें खरें. बाकीचें मी पाहून उद्यां तुझ्या घरीं येतों." उद्यांचा वायदा महत्त्वाचा. नुसतें गप्प बसलें तर मित्राला वाटतें, यानें अंगावरून पाणी सोडलें.

रात्रीं मीं त्याचें बोलणें धान्यासारखें पाखडलें. अर्ज चुकला, हें खरें. पैसे खाल्ले, हें खोटें. राहिली तिसरी गोष्ट, मी वाड्यावरच्यांना वेळ देतों ही. ती मला सपशेल खोटी वाटली. तरी मीं वही काढली. अर्ज गेलेलीं मुलें अकरा, त्यांपैकीं आठ मोठ्या घरचीं. त्यांचे बाप शाळेंत येऊन विचारीत. सुताराला मजुरी बुडवून येणें परवडत नव्हतें. जो विचारी त्याचें काम मी आधीं करीत होतों. मनांत पक्षपात नव्हता, पण हातून तो घडत होता. मित्राचा शब्द कडू होता म्हणून मी वही उघडली नसती, तर हें मला कधींच कळलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या ओसरीवर मी म्हणालों, "अर्ज माझ्या हयगयीनें चुकला. वाड्यावरच्या मुलांचें काम आधीं होतें, हेंही वही पाहिल्यावर खरें निघालें. पैसे मीं घेतलेले नाहींत. तुला पाहिजे त्या बापाला विचार. पुढल्या वर्षीं अर्ज मी हजेरीपटाच्या क्रमानें भरीन आणि यादी शाळेच्या भिंतीवर लावीन." यापुढें मीं 'पण' म्हटलें नाहीं. कबुलीमागून 'पण' आला कीं कबुली परत घेतल्यासारखी होते. खोट्या आरोपाचा इन्कार एकदांच केला. तोच तोच केला असता, तर सारें बोलणें माझ्या अब्रूचें झालें असतें आणि मुलगा बाजूला राहिला असता. रडून माफीही मागितली नाहीं, कारण मग त्यालाच माझें सांत्वन करावें लागलें असतें. पुढच्या गुरुवारीं, ज्यांच्यादेखत तो बोलला होता त्यांच्यादेखतच माझी चूक सांगितली.

तो लगेच निवळला नाहीं. चार महिने बोललाच नाहीं. त्याच्या मुलाची ती संधी गेली ती गेलीच. पुढची परीक्षा तीन वर्षांनीं. उत्तर चांगलें दिलें म्हणून नुकसान भरून येत नाहीं. पुढल्या वर्षीं यादी भिंतीवर लागली, तेव्हां ती नीट लटकावी म्हणून तो स्वतः पट्टी ठोकून गेला. बोलला मात्र एवढेंच, "खिळा मजबूत आहे."

आपल्या चळवळींतही असें घडलें आहे. १८८३ सालीं जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधु' पत्रांत आलीं, आणि पुढें छापणें थांबलें. आपल्यांतले छापखानेवाले भेकड आहेत, असें जोतीरावांनीं लिहून ठेविलें. शब्द झोंबणारा होता. तरी पुढें ११ मे १८८८ रोजीं मुंबईंत जोतीरावांचा 'महात्मा' म्हणून सत्कार झाला, त्याच्या खटपटींत लोखंडे होतेच. गिरणीकामगारांसाठीं ते झटत राहिले आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. एका शब्दापायीं त्यांनीं माणूसही सोडला नाहीं आणि कामही सोडलें नाहीं.

एक खूण ध्यानांत ठेवा. ही रीत मित्रासाठीं आहे. जो आपल्या जातीवरून हिणवतो, किंवा आपण दबावें म्हणून खोटें बोलतो, त्याच्यापुढें वही उघडून बसण्याचें कारण नाहीं. मित्राच्या शिवीमागें बहुधा एखादें बुडालेलें काम असतें. तें कोणतें, एवढें आधीं शोधा.