सतरंजी वाळली, हे हाताला कळत नाही

(सोसायटीच्या महिला मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी बपेऱ्याची. तुमसर तालुक्यातलं आमचं गाव, बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. तुमच्या सोसायटीत माझी लेक राहते म्हणून माझं येणंजाणं. मला भाषणबिषण जमत नाही, पण सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, सतरंजीचं जे केलंत तेवढंच सांगा." म्हणून उभी राहिले.

तर ती सतरंजी. तुम्ही आत्ता जिच्यावर बसला आहात तीच. निळी, लाल पट्ट्यांची, ९ बाय १२ फुटांची. सोसायटीची पहिली सभा झाली तेव्हा खुर्च्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून ही घेतली होती, असं इथल्या जुन्या मंडळींनी मला सांगितलं. गेल्या गणपतीत मी आले, आरतीला हिच्यावर बसले आणि पाच मिनिटांत उठून मागे जाऊन उभी राहिले. असा कुबट वास, की कापूर जळत होता तरी नाकात तोच. नंतर कळलं, हिला टाकून नवीन आणायचं ठरत होतं. मी म्हटलं, थांबा, कापूस अजून मजबूत आहे. हिवाळा सरू द्या, मी येते.

आधी वास का आला ते सांगते. गणपतीच्या आधी, म्हणजे भर पावसाळ्यात, कोणीतरी मन लावून ती धुतली होती. गच्चीच्या कठड्यावर दुहेरी करून टाकली. दोन दिवस ढगाळ होते. वरून हात लावला, कोरडी लागली, घडी घालून मीटरच्या खोलीत ठेवली. धुण्यात काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते वाळवण्यात. वास पाण्याला नसतो, मळालाही फारसा नसतो. सूत जितका वेळ ओलं राहतं, तितका वेळ त्यात जंतू वाढतात, आणि वास त्यांचा. घरात वाळवलेल्या कपड्यांना जो ओशट वास येतो, त्यामागचा एक जंतू जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिला. तो कपडा वाळला तरी मरत नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून तुमची सतरंजी कोरडी असताना वास कमी आणि पावसाळी हवेत पुन्हा सुरू. तुम्ही अत्तर शिंपडा, डांबराच्या गोळ्या ठेवा, तो आत बसलेलाच असतो.

यंदा फेब्रुवारीत आम्ही ती पुन्हा धुतली. आठ-दहा जणी होतो, शिवाय तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं. काय केलं ते जसंच्या तसं सांगते.

पहिल्यांदा पाणी लावलंच नाही. कठड्यावर उलटी टाकून काठीने झोडपली, मग सुलटी करून पुन्हा. मातीला पाणी लागलं की चिखल होतो आणि विणीत जाऊन बसतो, मग तो कितीही धुतला तरी निघत नाही. त्यानंतर एका कोपऱ्यावर गरम पाण्यात बुडवलेलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून घासलं. फडक्यावर निळा डाग जेमतेम आला, म्हणून पुढे गेलो. लाल ठळक उतरला असता तर मी गरम पाण्याचा हट्ट सोडला असता. आणि मग तिला काट्यावर टांगली. रद्दीवाल्याचा हूकचा काटा मागून आणला होता. पोरं हसली. कोरडी सतरंजी भरली आठ किलो. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

जंतू मारायचा तर पाणी कोमट पुरत नाही, साठेक अंश लागतं. थर्मामीटर कोणाकडे असतो? आपल्याकडे सोपा हिशेब आहे. जितकं उकळतं पाणी तितकंच नळाचं पाणी घातलं की बरोबर तेवढ्यावर येतं. आधी गार ओता, मग त्यावर उकळतं, म्हणजे उडत नाही. सोसायटीची स्वयंपाकाची मोठी पातेली कामाला आली. शंभर लिटरच्या टबाला पावडर किती, तर अर्धी वाटी. एकीने म्हटलं, "मावशी, एवढ्याने काय होतंय?" जास्त साबण हा दुसरा वैरी आहे बायांनो. तो जाड विणीतून निघत नाही, राहिलेला साबण धूळ धरतो, ओल धरतो. आणि बोअरचं जड पाणी असेल तर वडीचा साबण तर नकोच, त्याचा पांढरा चिकट थर सुतात बसतो. पावडर बरी.

अर्धा तास भिजवली. पाणी हाताला सोसेल इतकं निवल्यावर पोरांना टबात उतरवलं आणि पायांनी तुडवायला लावलं. आमच्याकडे नदीवर असंच करायचे, ब्रशने सुताचे धागे वर येतात. मग पाणी बदलून खळबळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही पाणी बोटांना बुळबुळीत लागलं, म्हणून चौथ्यांदा. शेवटच्या पाण्यात हात हलवला आणि फेस आला नाही, तेव्हाच थांबलो.

आता खरं काम. पिळायची नाही. एवढी जड वस्तू पिळली की विण तिरकी होते आणि मग ती कधीच सपाट बसत नाही. दोन खाटांवर पसरून पाऊण तास निथळू दिली. निथळायच्या आधी काट्यावर बावीस किलो होती. बावीस! म्हणजे चौदा लिटर पाणी तिने धरलं होतं. हे ओझं बाहेरच्या गॅलरीच्या दोरीवर कधी टाकू नका, दोरी तुटली तर खाली माणसं असतात.

वाळवायची पद्धत आमच्या गावची आहे. गावाकडे दोन बांबू हातभर अंतरावर आडवे बांधतात आणि सतरंजी त्या दोन्हींवरून टाकतात. एका दोरीवर टाकली की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, आतल्या बाजूला ऊनही नाही, वाराही नाही. दोन बांबूंवर ती घरासारखी दिसते, मधून वारा जातो. गच्चीवर आम्ही पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत दोन जाड दोर ताणले. रंग उडू नये म्हणून उलटी बाजू उन्हाकडे. दर दोन तासांनी थोडी सरकवायची, नाहीतर दोरावरची पट्टी ओली राहते आणि तिथेच पुढे डाग दिसतो. खालच्या काठाला सगळं पाणी उतरून येतं. तिथले गोंडे एकेक मुठीत धरून जुन्या टॉवेलने दाबायचे.

सकाळी दहाला टाकली होती. दुपारी चारला एकीने गालाला लावून पाहिली आणि म्हणाली, वाळली. मीही हात फिरवला, मलाही वाळलीच वाटली. पण काटा म्हणाला नऊ किलो दोनशे. म्हणजे अजून एक लिटरहून जास्त पाणी सुताच्या पोटात होतं, आणि वरून काही कळत नव्हतं. गणपतीच्या वेळी नेमकी इथेच घडी घातली गेली असणार. ऊन लागलेलं सूत गरम असतं, म्हणून ओल लागत नाही. हात फसवतो. काटा नसेल तर एक करा. सावलीत तासभर ठेवून, गार झाल्यावर मग गालाला लावा. गारवा टोचला की ओली आहे.

चारनंतर गच्चीवर ठेवायची नाही. हिवाळ्यात दव पडतं, वैनगंगेच्या पट्ट्यात तर सकाळी धुकं असतं, दिवसभर उडवलेलं पाणी रात्री परत येतं. रात्रभर हॉलमध्ये खुर्च्यांच्या पाठींवर पसरून दोन पंखे लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. दुपारी दीडला काटा आठच्याही थोडा खाली आला. थोडा कमी का, तर मळ गेला. तेव्हाच ती गुंडाळली. घडी नाही, गुंडाळी, आणि वर जुनी सुती चादर. प्लास्टिकमध्ये बांधू नका.

पावसाळ्यात काय करायचं? मोठी सतरंजी धुवायचीच नाही. जून ते सप्टेंबर नुसती उघडीप मिळाली की वारा द्या. सांडलं तर तेवढीच जागा धुवा. धुण्याचे दिवस दोन, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी.

आता ज्यूटचं. बऱ्याच जणींनी विचारलं, तोही असाच धुवायचा का? नाही. इथे मी स्वतः शिकलेली आहे. लेकीने मला सुंदर गोल ज्यूटचा गालिचा दिला. मी तो बादलीत बुडवला, सतरंजीसारखा. वाळल्यावर कडेला चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग, मधे फुगा, आणि वास वेगळाच. लेकीला सांगायला लाज वाटली, सहा महिने तो पलंगाखाली होता.

ज्यूट म्हणजे ताग. आमच्याकडे अंबाडीचा दोर करायला काड्या पाण्यात सडवतात, तसाच ताग पाण्यात सडवून काढतात. मग पुन्हा तासन्‌तास ओला ठेवला तर काय होणार? कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो, ताग ओला झाला की कमजोर होतो. तो हवेतूनही कापसापेक्षा जास्त ओल ओढतो. आणि त्याच्यात झाडाचा रंग असतो, पाणी वाळताना तो रंग पाण्याबरोबर वर येतो आणि जिथे पाणी शेवटी उडतं तिथे तपकिरी कड सोडतो. ते डाग मग धुऊन जात नाहीत, वाढतात.

म्हणून ज्यूटला उलट करून हलकं झोडपायचं, नाहीतर व्हॅक्यूम. चहा सांडला तर लगेच कोरडं फडकं दाबायचं, घासायचं नाही. कडेकडून मधे यायचं. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसून वर खाण्याचा सोडा भुरभुरवायचा, रात्रभर ठेवून सकाळी झाडून टाकायचा. गालिचा खुर्च्यांवर उचलून ठेवा, खालूनही वारा लागला पाहिजे. कडक उन्हात नको, ताग पिवळा पडतो. सावलीत पंखा. पूर्णच भिजला, तर टॉवेलच्या दोन थरांत दाबून पाणी काढा आणि दोन बाजूंनी पंखे लावा. एका दिवसात वाळला तर वाचला.

पाठीला रबराचा थर असेल तर मात्र मला फारशी आशा नाही. ओल मधे अडकते आणि रबर भुगा होऊन पडतं. तशा गालिच्याला वास धरला तर सोडून द्या. नव्या ज्यूटला जो रॉकेलसारखा वास येतो तो वेगळा. गिरणीत धागा काढताना तागाला तेल लावतात, त्याचा. आठवडाभर वाऱ्यावर ठेवला की जातो, त्याला धुवायला घेऊ नका.

एवढंच. आणि जाता जाता, आज चहा झाल्यावर त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाने सरबत सांडलं आहे, मी पाहिलं. कृपा करून आज रात्री सतरंजी गुंडाळू नका. तेवढा कोपरा पाण्याने पुसा, खुर्चीवर टाका, पंखा चालू ठेवा. सकाळी मी येते, मग बघू.